मानसिक आजारावरील औषधे, वजन आणि रक्तातील साखर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न ओलान्झापिन या गोळीबद्दल असतात, म्हणून उत्तरांतही तिचाच उल्लेख अधिक आहे. गोळी कोणती घ्यावी आणि किती घ्यावी, हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहूनच ठरवायचे असते.

१. अँटिसायकोटिक औषधे म्हणजे नेमकी कोणती? त्या झोपेच्या गोळ्या असतात का?

नाही. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी तरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय बसणे, विचारांची संगती तुटणे अशा लक्षणांवर ही औषधे दिली जातात. स्किझोफ्रेनिया हा त्यांचा मुख्य उपयोग असला, तरी बायपोलर आजारात आणि काही प्रकारच्या तीव्र नैराश्यातही ती वापरतात. यांतील पहिले औषध क्लोरप्रोमाझिन हे १९५२ मध्ये वापरात आले. त्यानंतरच्या जुन्या पिढीतील हॅलोपेरिडॉल आणि ट्रायफ्लुओपेराझिन, तसेच नव्या पिढीतील रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अमिसुलप्राइड, अरिपिप्राझोल आणि क्लोझापिन ही नावे आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर नेहमी दिसतात. यांतील काहींनी झोप येते, परंतु तो त्यांच्या परिणामांपैकी एक भाग आहे, मूळ काम नव्हे. म्हणूनच ‘आता झोप चांगली लागते’ एवढ्या कारणाने गोळी बंद करता येत नाही.

२. या सगळ्याच गोळ्यांनी वजन वाढते का?

कमी-अधिक प्रमाणात बहुतेकांनी वाढू शकते, पण औषधा-औषधांत फार मोठा फरक आहे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांनी सर्वांत जास्त वाढते. रिस्पेरिडोन आणि क्वेटियापिन मध्ये कुठे तरी बसतात. अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन आणि हॅलोपेरिडॉल यांनी त्या मानाने कमी वाढते. हा क्रम सरासरीचा आहे. एखाद्याचे वजन ओलान्झापिन घेऊनही स्थिर राहते, तर एखाद्याचे रिस्पेरिडोनवरही झपाट्याने चढते. कोणाचे वाढेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे मोजत राहण्याला पर्याय उरत नाही. तरुण वय, आजाराचा पहिलाच उपचार आणि सुरुवातीला सडपातळ असलेले शरीर अशा रुग्णांत वाढ विशेष ठळक दिसते.

३. मुलगा दिवसभर खात असतो. हा गोळीचा परिणाम आहे की त्याला स्वतःवर ताबा ठेवता येत नाही?

हा प्रश्न आई-वडील बहुधा रुग्णासमोरच विचारतात आणि त्यात रागाची छटा असते. म्हणून उत्तर स्पष्ट द्यायला हवे: ही भूक औषधामुळे लागते. ओलान्झापिन आणि क्लोझापिन मेंदूतील हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही ग्राहक, म्हणजे त्यांचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील जागा, बंद करतात. पोट भरल्याचा संदेश ज्या यंत्रणेतून मिळतो, त्यात हे ग्राहक काम करतात. ते बंद झाल्यावर दोन भाकरी खाऊन ताटावरून उठलेल्या माणसाला तासाभरात पुन्हा खरी भूक लागते, आणि ती बहुधा गोड आणि पिठूळ पदार्थांची असते. त्यात गोळीची गुंगी आणि आजारामुळे आलेला निरुत्साह यांनी हालचालही कमी होते.

साखरेचा मार्ग काहीसा वेगळा आहे. वजन वाढले की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, हे खरे आहे. पण या औषधांचा काही परिणाम वजनाला वळसा घालूनही होतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींवर आणि स्नायू व यकृताच्या साखर वापरण्यावर तो थेट घडतो. त्याचे व्यवहारातील महत्त्व प्रश्न ८ मध्ये आहे.

४. वजनाखेरीज आणखी कोणते दुष्परिणाम दिसतात? कोणत्या वेळी लगेच दवाखाना गाठावा?

जुन्या पिढीतील औषधांनी आणि जास्त डोसमध्ये रिस्पेरिडोननेही हातपाय ताठरणे, हात थरथरणे, चेहरा निर्विकार होणे असे परिणाम होतात. काहींना एका जागी बसवत नाही, आतून सतत चालत राहावेसे वाटते. घरच्यांना तो आजार वाढल्याचा प्रकार वाटतो आणि ते गोळी वाढवण्याचा आग्रह धरतात. प्रत्यक्षात ती गोळीचीच बेचैनी असते आणि डोस वाढवल्यास ती आणखी वाढते. रिस्पेरिडोन आणि अमिसुलप्राइड यांनी स्त्रियांची पाळी थांबू शकते किंवा स्तनांतून दूध येऊ शकते. ही गोष्ट संकोचामुळे सांगितली जात नाही, पण ती सांगायलाच हवी, कारण औषध बदलून ती बहुधा सुटते.

सुरुवातीच्या काही दिवसांत मान एकाएकी वाकडी होणे, डोळे वर चढून तिथेच थांबणे, जीभ बाहेर ओढली जाणे असे घडले, तर ते अंगात येणे नव्हे. स्नायू आखडल्यामुळे ते होते आणि दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उतरते. गावाकडे अशा रुग्णाला आधी देवऋषीकडे नेले जाते आणि त्याचे तास दोन तास विनाकारण यातनेत जातात. याहून दुर्मीळ, पण जिवावर बेतणारी अवस्था म्हणजे तीव्र ताप, लाकडासारखे ताठ शरीर, दरदरून घाम आणि शुद्ध हरपत जाणे. असे झाल्यास पुढची गोळी देऊ नये आणि रुग्णाला थेट सिव्हिल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्यावे.

५. गोळी सुरू करण्यापूर्वी नेमके काय मोजून ठेवायचे?

वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातील साखर आणि चरबीची तपासणी, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला मधुमेह आहे का, हेही केसपेपरवर लिहून घ्यावे. रुग्ण फार अस्वस्थ असेल आणि रक्त काढू देत नसेल, तर पहिल्या दिवशी निदान वजन तरी करावे आणि तो शांत झाल्यावर पहिल्या आठवड्यात रक्त तपासावे. सुरुवातीचा आकडा नसेल, तर पुढचे सगळे आकडे मुके राहतात. तीन महिन्यांनी १०६ साखर आली, तर ती आधीपासूनच होती की गोळीनंतर वाढली, हे सांगायला काही आधार उरत नाही.

वजन दर वेळी एकाच काट्यावर, चपला काढून, खिसे रिकामे करून आणि शक्यतो सकाळी करावे. घेर मोजताना टेप नाडी किंवा पट्टा बांधतो त्या रेषेवर ठेवण्याची चूक सर्रास होते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, कपड्यावरून नव्हे तर अंगावर टेप धरून मोजावे. आपल्या देशातील लोकांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय आपल्यासाठी २३ च्या पुढे गेला की वजन अधिक, आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा समजतात.

६. सुरू केल्यावर किती दिवसांनी काय तपासायचे?

वजन पहिले दीड महिना दर आठवड्याला करता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला करावेच, आणि पुढे दर तीन महिन्यांनी. साखर, चरबी आणि रक्तदाब बाराव्या आठवड्याला पुन्हा पाहावेत, आणि सगळे ठीक असेल तर त्यानंतर वर्षातून एकदा. घरात मधुमेह असेल, वजन झपाट्याने चढत असेल किंवा क्लोझापिन वा ओलान्झापिन चालू असेल, तर साखर याहून लवकर आणि अधिक वेळा पाहणे शहाणपणाचे ठरते. औषध बदलले, तर हे वेळापत्रक पुन्हा पहिल्या दिवसापासून धरावे.

वजनाच्या बाबतीत लक्षात ठेवायची खूण म्हणजे सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के. पहिल्या महिन्यातच तेवढे वाढले, तर पुढे बरेच वाढण्याची शक्यता असते, म्हणून ‘पुढच्या वेळी पाहू’ असे म्हणायची ती वेळ नसते.

७. पाच टक्के म्हणजे दोन-तीन किलो. एवढ्यासाठी काळजी कशाला? उलट तब्येत सुधारली असेच सगळे म्हणतात.

आजारपणात वाळलेला मुलगा अंगाने भरू लागला की घरात समाधान असते, आणि ‘तब्येत सुधरनी’ असे आजी कौतुकाने म्हणते. ते समाधान समजण्यासारखे आहे. पण आकडे काय सांगतात ते एका उदाहरणावरून पाहू. व्यक्ती काल्पनिक आहे, आकड्यांची चाल मात्र ओपीडीत नेहमी दिसणारी आहे.

चोपडा तालुक्यातील २४ वर्षांचा तरुण. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, बीएमआय साधारण साडेवीस, कमरेचा घेर ७४, उपाशीपोटी साखर ८८. त्याला ओलान्झापिन १० मिलिग्रॅम रात्री सुरू झाले. त्याच्यासाठी पाच टक्क्यांची खूण म्हणजे २.९ किलो, अर्थात ६०.९ किलो. चौथ्या आठवड्याला वजन ६१ भरले. आवाज जवळजवळ थांबले होते, झोप लागत होती, तो शेतात जाऊ लागला होता आणि दिसायलाही सडपातळच होता. नजरेला यात काहीच वावगे दिसत नाही, तरी खूण ओलांडली गेलेली आहे. दिवसातून सहा वेळा होणारा साखरेचा चहा दोन वेळांवर आणला आणि रात्री गोळीनंतर खाणे थांबवण्याचा प्रयत्न झाला. आठव्या आठवड्याला वजन ६३.५ झाले, म्हणजे साडेनऊ टक्के वाढ. बीएमआय अजून २३ च्या आतच होता आणि घेर ८० होता, म्हणजे ९० च्या रेषेपासून बराच दूर. केवळ ठरावीक रेषांकडे पाहणाऱ्या माणसाने त्याला ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवले असते. डॉक्टरांनी रेषा न पाहता बदल पाहिला आणि गोळीचा फायदा स्पष्ट असल्याने ती न बदलता, मूत्रपिंडाची तपासणी करून, मेटफॉर्मिन हे साखरेवरचे औषध ५०० मिलिग्रॅम जेवणासोबत सुरू केले आणि नंतर दिवसातून दोनदा केले. बाराव्या आठवड्याला उपाशीपोटी साखर १०३ आली, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यात नुकतीच शिरलेली. सहा महिन्यांनी वजन ६१ आणि साखर ९४ होती.

त्या चौथ्या आठवड्याला काट्यावर उभे करण्यासाठी दोन मिनिटे लागली होती. तीव्र मानसिक आजार असलेल्या लोकांचे आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी भरते, आणि त्यामागे सर्वांत मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा असतो. पंचविशीत सुरू झालेली ही वाढ पन्नाशीच्या हृदयविकाराची पायाभरणी असते, आणि म्हणून वजनकाटा मानसोपचाराच्या खोलीतच असला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

८. वजन अजिबात वाढले नाही. मग साखर तपासण्याची गरज आहे का?

आहे. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे औषधाचा काही परिणाम वजनावाचूनही होतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन घेणाऱ्या काही मोजक्या रुग्णांत पहिल्या काही महिन्यांतच साखर एकदम फार वाढते आणि रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था येते. अशा रुग्णाचे वजन वाढण्याऐवजी उतरतही असते. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जलद श्वास, गुंगी अशी लक्षणे एकत्र दिसली, तर साखर त्याच दिवशी, त्याच तासाला तपासावी. ‘गोळीमुळे झोपतोय’ असे समजून अशा रुग्णाला रात्रभर पडू देणे हीच यातील सर्वांत घातक चूक आहे.

९. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यांनाच तहान लागते. साखरेची तहान वेगळी कशी ओळखायची?

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा हा प्रश्न खरोखरच अवघड होतो. त्यातच ताठरपणावर दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीने आणि काही अँटिसायकोटिक औषधांनीही तोंड कोरडे पडते. फरक लघवीवरून करावा. उन्हाने लागलेल्या तहानेत घाम जातो, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. तोंड कोरडे पडल्याने लागणारी तहान घोटभर पाण्याने तात्पुरती भागते. साखर वाढली असेल, तर लघवी भरपूर आणि फिकट होते आणि रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. शंका राहिलीच, तर ग्लुकोमीटरने बोटाच्या थेंबावर एका मिनिटात उत्तर मिळते.

तहान थंड पेयाच्या बाटल्यांनी, उसाच्या रसाने किंवा साखर घातलेल्या सरबताने भागवू नये. यात एका बैठकीत सात-आठ चमचे साखर सहज पोटात जाते. पाणी, पातळ ताक आणि साखरेशिवायचे लिंबूपाणी चालते. या औषधांनी घाम आणि शरीराचे तापमान यांचा तोल बिघडू शकतो, त्यामुळे दुपारी १२ ते ४ शेतात काम टाळावे, हेही येथेच सांगायला हवे.

१०. उपाशीपोटी साखर तपासावी की तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी? धडगावहून नंदुरबारला पोहोचेपर्यंत दुपार होते, तोवर उपाशी कसे राहायचे?

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा आणि १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ आधीचा टप्पा आणि ६.५ किंवा अधिक मधुमेह. लक्षणे नसतील, तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

एचबीए१सीला उपाशी राहावे लागत नाही, म्हणून लांबून येणाऱ्यांना ती सोयीची वाटते. परंतु नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या आदिवासी भागात एक मोठी अडचण आहे, ती सिकलसेलची. ही तपासणी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतील असे गृहीत धरते. सिकलसेल आजारात त्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि खरी साखर जास्त असूनही अहवाल खोटा दिलासा देतो. सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्या माणसातही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असलेल्या स्त्रियांत उलट बाजूने चूक होते आणि आकडा खोटा वर जातो. त्यामुळे सिकलसेल आहे किंवा घरात कोणाला आहे, किंवा हिमोग्लोबिन कमी आहे, अशा रुग्णांनी उपाशीपोटी साखरेवरच भिस्त ठेवावी आणि सिकलसेलचे कार्ड मानसोपचाराच्या ओपीडीतही दाखवावे.

प्रवासाच्या अडचणीवर सोपा उपाय म्हणजे उपाशीपोटीची तपासणी सकाळी आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात करून तो कागद सोबत नेणे. तेही जमले नाही, तर कोणत्याही वेळची साखर पाहावी. ती १४० किंवा अधिक आली तर उपाशीपोटी तपासणी लवकर करावी. २०० किंवा अधिक आली आणि लक्षणेही असली, तर तो मधुमेहच समजून उपचार सुरू होतात. उपाशीपोटी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही. रात्रीची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घ्यायची, तपासणीसाठी ती चुकवायची नाही.

११. मुलगा २२ वर्षांचा आहे. आशाताई म्हणाल्या की साखरेची तपासणी तिशीनंतरच होते. मग आम्ही काय करावे?

आशाताई ज्या मोहिमेबद्दल सांगतात, ती गावातील सर्वसाधारण लोकांसाठी आहे आणि तिच्यात वयाची मर्यादा ३० आहे. औषध घेणाऱ्या रुग्णाला ती लागू होत नाही. त्याची तपासणी ही त्याच्या उपचाराचा भाग आहे. अडचण अशी की स्किझोफ्रेनिया बहुधा १८ ते ३० या वयात सुरू होतो, त्यामुळे ज्यांना सर्वांत जास्त गरज तेच या जाळीतून निसटतात. केसपेपरवर ‘ओलान्झापिन सुरू, उपाशीपोटी साखर’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, म्हणजे प्रयोगशाळेत वयावरून अडवणूक होत नाही.

१२. क्लोझापिनसाठी दर आठवड्याला रक्त काढतोच. त्यात साखर येत नाही का?

येत नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला होणारी ती तपासणी पांढऱ्या पेशी घटल्या नाहीत ना, एवढेच पाहते. साखर आणि चरबीची तपासणी वेगळी लिहून घ्यावी लागते. सुई एकदा टोचतातच, तर त्याच वेळी दुसऱ्या नळीत रक्त घ्यायला सांगावे. क्लोझापिन घेणाऱ्याला शौचाला किती दिवस झाले नाही, हेही घरच्यांनी विचारत राहावे. त्या औषधाने आतडी मंदावून होणारी तीव्र बद्धकोष्ठता प्राणघातक ठरू शकते. दोन-तीन दिवस शौच नाही आणि पोट फुगले आहे, अशा वेळी थांबू नये.

१३. वजन फार वाढले. गोळी बंद करू का?

स्वतःहून बंद करू नये. आजार उलटण्याचा धोका खरा आहे, आणि उलटलेला आजार आवरायला बहुधा आधीपेक्षा मोठा डोस लागतो, म्हणजे वजनाची अडचण तिथेच राहते. पण ‘बंद करू नका’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवणेही अन्यायाचे आहे, कारण त्याची तक्रार खरी असते. अनेक जण वजनाला कंटाळून कोणाला न सांगता गोळी सोडतात आणि ती गोष्ट आजार उलटल्यावरच कळते.

डॉक्टरांकडे तीन वाटा असतात. डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर तो कमी करणे. कमी वजन वाढवणाऱ्या औषधावर, उदाहरणार्थ अरिपिप्राझोलवर, काही आठवड्यांत हळूहळू नेणे, ज्यात एक वाढवत दुसरे उतरवतात. किंवा मूळ औषध ठेवून मेटफॉर्मिन जोडणे. कोणती वाट धरावी हे आजार किती अवघड होता यावर ठरते. दोन औषधे अपयशी ठरल्यावर क्लोझापिनने शांत झालेल्या रुग्णाचे औषध वजनासाठी बदलायला कोणीही जबाबदार डॉक्टर सहजी तयार होणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

१४. साखर नसताना मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी का दिली?

वजन आणि इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारण्यासाठी. निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसात ही गोळी एकटी घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. फायदा माफक असतो, सरासरी सुमारे तीन किलो. मात्र वाढ सुरू होताच दिल्यास तो अधिक मोलाचा ठरतो, कारण चढलेले वजन उतरवण्यापेक्षा चढते वजन रोखणे सोपे असते. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, म्हणून ती जेवणासोबत आणि कमी डोसपासून देतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा दारूचे व्यसन मोठे असेल, तर ती देत नाहीत किंवा फार जपून देतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-१२ अधूनमधून पाहावे. मेडिकलमधून स्वतःहून आणून सुरू करण्याची ही गोळी नव्हे.

१५. आहारात काय बदलावे? वेगळे डाएट आम्हाला परवडत नाही.

वेगळे काही आणावे लागत नाही. कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, भरीत हे घरचे जेवण चांगलेच आहे. प्रश्न बहुधा जेवणाबाहेरचा असतो: दिवसभराचा गोड चहा, बिस्किटे, शेव-फरसाण आणि गोळीनंतर रात्री लागणारी भूक. गोळी रात्रीची असेल, तर ती जेवणानंतर आणि झोपण्याच्या थोडीच आधी द्यावी, म्हणजे भूक चढेपर्यंत झोप लागते. शेवभाजीत वरचा तेलाचा तवंग बाजूला काढता येतो. केळीच्या भागात दिवसाला पाच-सहा केळी सहज खाल्ली जातात, ती एकावर आणावीत. रुग्णाला एकट्याला उकडलेले वाढून बाकीच्यांनी त्याच्यासमोर भजी खाणे हे कोणाच्याच हिताचे नाही, त्यामुळे बदल घराच्या स्वयंपाकात व्हावा. रोज अर्धा तास कोणी तरी सोबत चालावे. ‘चालत जा’ असे सांगितलेला रुग्ण जात नाही, सोबत असली की जातो.

१६. महिन्याला इंजेक्शन घेतो, गोळी नाही. तरीही तपासणी लागते का?

लागते. औषध तेच आहे, फक्त देण्याची रीत निराळी. सोय अशी की इंजेक्शनसाठी महिन्याला यावेच लागते, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी वजन आणि मग सुई असा क्रम नर्सताईंना पाळता येतो.

१७. भावाने बिडी सोडली आणि त्यानंतर तो फार झोपू लागला, खाऊ लागला. संबंध आहे का?

असू शकतो. तंबाखूच्या धुरातील घटक यकृताला ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवायला लावतात. बिडी थांबली की आठवडाभरात हा वेग मंदावतो आणि त्याच डोसमध्ये रक्तातील औषध वाढते, क्लोझापिनचे तर बरेच वाढू शकते. बिडी सोडणे उत्तमच आहे, पण त्या आधी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे डोस जुळवता येतो. रुग्णालयात भरती होऊन बिडी अचानक बंद झाली, तेव्हाही हेच घडते, आणि घरी येऊन पुन्हा सुरू केली की उलटे. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे चुना लावून खाल्लेली तंबाखू किंवा गुटखा सोडल्याने औषधाची पातळी अशी बदलत नाही.

१८. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात फिजिशियनकडे जा, फिजिशियन म्हणतात ही त्यांची गोळी आहे. तपासणी करायची कोणी?

ज्यांनी औषध सुरू केले, त्यांनी वजन, घेर आणि साखर पाहण्याची व्यवस्था करावी. आकडा बिघडला, तर मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा उपचार फिजिशियननी करावा आणि दोघांची चिठ्ठी एकाच फायलीत असावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे ‘हा मनाचा पेशंट, याची साखर नंतर पाहू’ या उत्तरावर थांबण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार आणि असंसर्गजन्य आजारांची ओपीडी या दोन्ही सोयी असतात, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही कामे करून घ्यावीत. औषधाबद्दल घाईची शंका आली आणि ओपीडीचा दिवस लांब असला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

१९. मधुमेह झालाच, तर मानसिक आजाराची गोळी कायमची बंद करावी लागते का?

बहुतेकांना नाही. औषध बदलल्यावर काहींची साखर पुष्कळ खाली येते, काहींची तशीच राहते, विशेषतः घरात मधुमेह असेल किंवा बरीच वर्षे लोटली असतील तर. औषध बदलणे शक्य नसेल, तर दोन्ही आजारांचे उपचार शेजारी शेजारी चालतात. आधीपासूनच मधुमेह असलेल्या माणसाला नव्याने अँटिसायकोटिक द्यायचे असेल, तर प्रश्न २ मधील क्रमात खालच्या बाजूचे औषध आधी निवडतात आणि पहिले काही आठवडे साखर अधिक वेळा पाहतात. एक बाब विसरली जाते: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना ओलान्झापिन थांबवले किंवा बदलले, तर पुढच्या आठवड्यांत साखर उतरू शकते आणि जुना डोस जास्त ठरू शकतो. घाम फुटणे, हातांना कंप, एकाएकी गोंधळणे ही साखर फार उतरल्याची चिन्हे आहेत. घरच्यांना ती मानसिक आजाराची लक्षणे वाटतात, म्हणून अशा वेळी आधी बोटाला सुई लावून साखर पाहावी, आणि ती ७० च्या खाली असेल व रुग्णाला गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.